नदीचं कडवं गेलं कुठे?

आकाशवाणीवर भावगीत लागलं की त्याच्या आधी किंवा नंतर तीन नावं कानावर पडतात: कवीचं, संगीतकाराचं आणि गायकाचं. 'आपली आवड' ऐकत वाढलेल्या पिढीने ही नावं वर्षानुवर्षं ऐकली, पण कान देऊन नव्हे. पोळ्या लाटताना, दप्तर भरताना. मग चाळीस-पन्नास वर्षांनी एखादी ओळ अचानक ओठांवर येते, बाकीचं गाणं येत नाही, आणि कवी कोण असं विचारलं तर त्या तीन नावांपैकी एखादं अर्धंमुर्धं आठवतं. ते कवीचं होतं की आणखी कोणाचं, हे मात्र सांगता येत नाही. जुनं भावगीत शोधून द्या म्हणून जी माणसं येतात त्यांच्याकडे बहुतेक वेळा एवढाच ऐवज असतो. ओळ एक, तीही पुसट. कवीबद्दल 'नावात वसंत होतं', 'कोणी बाई होत्या', 'विदर्भातले असावेत' असं काहीतरी.

एवढ्यावर गाणं सापडू शकतं. ओळ टाइप केली आणि लगेच सापडली तर प्रश्नच मिटला. नाही सापडली तर मात्र आपण नेमकं काय शोधतो आहोत हे आधी ठरवावं लागतं, कारण भावगीताला दोन जन्म असतात. ते आधी कविता म्हणून पुस्तकात येतं आणि नंतर गाणं म्हणून तबकडीवर किंवा रेडिओवर. या दोन जन्मांतले शब्द सारखे असतीलच असं नाही. आठवलेली ओळ कुठल्या जन्मातली आहे, हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि तिथेच शोध अडतो.

आमच्या शेजारच्या काकूंचा शोध असाच अडला होता. त्या मूळच्या अकोल्याच्या. त्यांना एक कडवं हवं होतं: धिप्पाड कडा, त्यावरून झेपावणारं पाणी आणि गर्जत जाणारी नदी. "लताबाईंनी म्हटलेलं गाणं आहे गं, शंभर टक्के," असं त्या सांगत. कवी? "बी.ए. झालेले कोणीतरी होते. नावापुढे बी.ए. लावायचे." त्यांच्या मुलाने गाण्यांचे शब्द देणाऱ्या संकेतस्थळांवर नदी, कडा, पाणी असे सगळे शब्द घालून पाहिले होते. लता मंगेशकरांच्या मराठी भावगीतांची यादीही वरपासून खालपर्यंत वाचली होती. नदीचं हे कडवं कुठेच नव्हतं.

मी काकूंना ओळ विचारली नाही. ओळ त्यांनी पुष्कळदा सांगितली होती, आणि प्रत्येक वेळी एखादा शब्द बदलत होता. मी विचारलं, "काकू, कवीचं नाव तुम्ही ऐकलं होतं की वाचलं होतं?"

त्या थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "वाचलं होतं. फळ्यावर. बाईंनी कवितेच्या वर लिहिलं होतं."

या एका उत्तराने पुष्कळ काम झालं. फळ्यावर कवितेच्या वर लिहिलेलं नाव संगीतकाराचं किंवा गायकाचं असू शकत नाही. ते कवीचंच. रेडिओवर ऐकलेलं नाव मात्र तिघांपैकी कोणाचंही असू शकतं. म्हणून अर्धवट नाव हाताशी असेल तर ते कुठून आलं हे आधी विचारावं. पाठ्यपुस्तकातून आलं असेल, तबकडीच्या लेबलावरून आलं असेल, निवेदिकेच्या तोंडून आलं असेल किंवा घरातल्या कोणी सांगितलं असेल. प्रत्येक वाटेवर घसरण्याची जागा वेगळी आहे.

रेडिओच्या वाटेवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो नावांच्या सारखेपणाने. 'वसंत' हेच घ्या. वसंत प्रभू, वसंत पवार, वसंत देसाई हे संगीतकार. वसंतराव देशपांडे गायक. वसंत बापट आणि वसंत निनावे कवी. त्यात शांता शेळके यांनी काही गीतं 'डॉ. वसंत अवसरे' या टोपणनावाने लिहिली, म्हणजे 'वसंत' नावाआड एक बाईसुद्धा आहेत. 'अनिल' म्हटलं तर कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे. पण अनिल-अरुण या संगीतकार जोडीतले अनिल मोहिलेही आठवणीत मिसळतात. 'यशवंत' म्हटलं तर रविकिरण मंडळातले कवी यशवंत, म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर, किंवा संगीतकार यशवंत देव. देव तर स्वतः गीतंही लिहीत.

कवीच्या नावाने चकवण्याचा दुसरा प्रकार टोपणनावांचा. 'कोणी आरती नावाच्या कवयित्री' असं सांगणाऱ्या माणसाला आरती प्रभू आठवत असतात, आणि आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर. 'ग्रेस' हे नाव ऐकूनही अनेकांच्या मनात बाई उभी राहते. ते माणिक गोडघाटे. उलट 'ठाण्याचे कोणी पाटील' अशी खूण असेल तर ते पी. सावळाराम असण्याची शक्यता मोठी. त्यांचं खरं आडनाव पाटील होतं आणि ते ठाण्याचे नगराध्यक्षही होते. म्हणून कवीबद्दलची पुसट आठवण चुकीची ठरली तरी ती टाकून देऊ नये. ती सहसा एखाद्या खऱ्या गोष्टीचंच वाकडं झालेलं रूप असते, आणि ती कुठे वाकली हे कळलं की माणूस सापडतो.

नाव संगीतकाराचं निघालं तरी ते उपयोगी पडतं, कारण मराठी भावगीतात माणसं ठरलेल्या सोबत्यांबरोबर काम करत. 'वसंत' आठवतं आहे, आवाज लता मंगेशकरांचा आहे आणि गाणं जुनं आहे, तर संगीतकार वसंत प्रभू धरावेत. मग कवींमध्ये आधी पी. सावळाराम, आणि शब्द जास्त जुन्या वळणाचे वाटत असतील तर भा. रा. तांबे. 'यशवंत' आणि अरुण दाते यांचा आवाज असं एकत्र आठवत असेल तर यशवंत देवांची चाल आणि मंगेश पाडगांवकरांचे शब्द हा पहिला अंदाज. हृदयनाथ मंगेशकरांची चाल असावी असं वाटत असेल तर आरती प्रभू, ग्रेस, सुरेश भट, शांता शेळके यांची पुस्तकं काढावीत. हे अंदाज आहेत, पुरावे नव्हेत. पण हजारो गाण्यांच्या ढिगात पन्नास-शंभर गाण्यांपुरता शोध आवळला जातो, आणि तेवढी गाणी माणूस बसून वाचू शकतो.

काकूंच्या बाबतीत नाव फळ्यावरून आलेलं होतं, तेव्हा ते कवीचंच होतं. आता 'बी.ए.' म्हणजे काय? नावापुढे पदवी लावण्याची पद्धत त्या काळी होतीच, पण शाळेतल्या बाई कवितेवर कवीचं नाव न लिहिता नुसती पदवी लिहिणार नाहीत. नावच तसं दिसत असलं पाहिजे. मराठीत एक कवी असे आहेत ज्यांचं टोपणनावच एका अक्षराचं आहे: 'बी'. नारायण मुरलीधर गुप्ते हे त्यांचं नाव, जन्म 1872 सालचा, बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूरचा. विदर्भातल्या शाळेत त्यांची कविता शिकवताना बाईंनी फळ्यावर 'कवी : बी' लिहिलं असणार. पुढे आयुष्यभर 'बी' या अक्षराला 'ए' जोडून बोलण्याची सवय लागली आणि त्या अक्षराचं 'बी.ए.' झालं.

'बी' हे नाव शोधणाऱ्याची परीक्षा पाहतं. संगणकावर 'बी' शोधलं तर बियाण्यांपासून पदव्यांपर्यंत सगळं येतं. ग्रंथालयाच्या सूचीत ते कधी 'बी' खाली असतात, कधी 'गुप्ते, ना. मु.' खाली. अशा वेळी कवीला सोडून पुस्तकाला धरावं. बींचा 'फुलांची ओंजळ' हा संग्रह 1934 साली निघाला, त्याला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे, आणि त्या नावाने तो चटकन मिळतो. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचं नगर वाचन मंदिर अशा जुन्या ग्रंथालयांत त्या काळातले काव्यसंग्रह शोधायला जावं. मी पुस्तक आणलं आणि आम्ही दोघी ते घेऊन बसलो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कवितेच्या पुस्तकात अनुक्रमणिका बहुधा शीर्षकांची असते, आणि गाण्यांच्या याद्या पहिल्या शब्दांच्या असतात. ना. घ. देशपांडे यांची गाजलेली कविता पुस्तकात 'शीळ' या नावाने आहे. जी. एन. जोशी यांनी ती गायली आणि मराठी भावगीताची सुरुवात बहुतेक जण त्या तबकडीपासून मोजतात. पण गाण्यांच्या यादीत तुम्हाला ती 'श'मध्ये मिळणार नाही. उलट पाठ्यपुस्तकातून कविता आठवणाऱ्याला शीर्षक आठवतं आणि धृपद आठवत नाही. त्यातही 'आई' यासारखं शीर्षक असेल तर अडचण वाढते. कवी यशवंतांची 'आई' ही कविता आणि माधव जूलियनांची आईवरची कविता या दोन्ही रविकिरण मंडळातल्या कवींच्या, दोन्ही पिढ्यान् पिढ्या पाठ झालेल्या. एकीची ओळ आणि दुसरीचा कवी अशी जोडी घेऊन शोधायला येणारे लोक मला नेहमी भेटतात. लता मंगेशकरांच्या आवाजात वसंत प्रभूंनी बांधलेलं जे गाणं त्यांना आठवत असतं ते माधव जूलियनांचं असतं, आणि तोंडावर नाव मात्र यशवंतांचं असतं.

काकूंच्या हातात पुस्तक दिलं तेव्हा त्या शीर्षकं पाहत पानं उलटत होत्या आणि 'चाफा'पाशी थांबल्या. "हे तर माहितीचं गाणं आहे," म्हणाल्या. "यात नदी कुठली?" पण त्यांनी कविता वाचायला घेतली. आंब्याचं बन झालं, केतकीचं बन झालं, माळ झाला आणि पुढे कडा आला. 'धिप्पाड' हा शब्द त्यांना आठवला होता तसाच तिथे होता, आणि नदीही होती.

नंतर आम्ही लता मंगेशकरांचं गाणं लावलं. वसंत प्रभूंची चाल. त्यात आंब्याचं बन आहे, केतकीचं आहे, पण कड्याचं आणि नदीचं कडवं गायलेलंच नाही. काकूंच्या मुलाला ते कुठल्याही गाण्याच्या शब्दांत न मिळण्याचं कारण हे होतं. काकूंना कविता शाळेत पाठ होती; नंतर गाणं आलं, त्यांनी ते शेकडो वेळा ऐकलं, आणि पाठ असलेलं कडवं मनातल्या मनात त्या चालीवर बसलं. चाल आणि वृत्त एकच असल्यामुळे ते बसलंही बेमालूम. त्यामुळे 'लताबाईंनी म्हटलं आहे' ही त्यांची खात्री आवाजापुरती खरी होती, ओळीपुरती खरी नव्हती.

कडवी का गळतात याचं उत्तर बरंचसं तबकडीच्या लांबीत आहे. मिनिटाला 78 फेरे घेणारी दहा इंची तबकडी एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं वाजते. तेवढ्यात सुरुवातीचे सूर, प्रत्येक कडव्यानंतर परत येणारं धृपद आणि मधले वाद्यांचे तुकडे बसवायचे, तर शब्दांना तीन-चार कडव्यांपुरती जागा उरते. भावगीताचा साचा याच लांबीत घडला आणि पुढे जास्त वाजणाऱ्या तबकड्या आल्या तरी तो टिकला. गीत म्हणूनच लिहिलेलं असेल, गदिमा किंवा पी. सावळाराम लिहीत तसं, तर ते मुळातच त्या मापाचं असतं. पण आधी छापलेली कविता उचलली की संगीतकाराला निवड करावी लागते. तो कडवी गाळतो, क्वचित त्यांचा क्रम बदलतो, आणि कधी मधली एखादी ओळ धृपद म्हणून वर आणतो. हा शेवटचा बदल शोधणाऱ्याला सगळ्यात महाग पडतो, कारण मग गाण्याच्या पहिल्या ओळीने पुस्तकातली कविता मिळत नाही आणि कवितेच्या पहिल्या ओळीने गाणं मिळत नाही. तुमच्या ओळीच्या आधी वाद्यांचा मोठा तुकडा आठवत असेल तर ती कडव्याची पहिली ओळ असण्याची शक्यता जास्त. ती पुन्हा पुन्हा आल्याचं आठवत असेल तर ती धृपदातली. याद्यांमध्ये धृपद मिळतं. कडव्यातली ओळ मात्र पूर्ण शब्द वाचूनच मिळते.

आता ओळीकडे. ओळ आठवताना माणूस चुकतो, पण वाटेल तसा चुकत नाही. चाल पक्की लक्षात असते, म्हणून बदललेला शब्द जवळजवळ नेहमी तेवढ्याच मात्रांचा असतो. ओळीच्या शेवटचा शब्द यमकाने बांधलेला असतो, म्हणून तो सहसा टिकतो. आणि बदललाच तरी त्याच यमकाचा दुसरा शब्द तिथे येतो. 'दिठी' हा शब्द लहानपणी कळला नसेल तर त्या जागी 'मिठी' येते. दोन्हींच्या मात्रा सारख्या, यमक सारखं, आणि अर्थही ओढूनताणून लागतो. 'मनी' आणि 'बनी', 'कळी' आणि 'खळी' हेही असेच एकमेकांच्या जागी येतात. म्हणून ओळ कागदावर लिहून त्यातला शेवटचा शब्द आणि विचित्र वाटणारा शब्द वेगळा काढावा. विचित्र शब्द बहुधा खरा असतो, कारण तो कोणी स्वतःच्या मनाने घालत नाही. काकूंचा 'धिप्पाड' तसा होता. उलट 'जीवन', 'प्रीत', 'चांदणं' असे सोयीचे शब्द संशयित धरावेत. शोधताना पूर्ण ओळ न टाकता हे एक-दोन विचित्र शब्दच टाकावेत.

यमक आणखी एका कामाला येतं. 'चाफा'मधली अनेक कडवी 'न' किंवा 'ण' या अक्षरावर संपतात. काकूंच्या नदीच्या कडव्याचा शेवटही तसाच होता. सापडलेल्या कवितेत तुमचं कडवं छापलेलं नसेल, तरी त्याचा शेवट बाकीच्या कडव्यांशी जुळतो का हे पाहता येतं. जुळत नसेल तर ते बहुधा दुसऱ्याच गाण्यातून येऊन चिकटलं आहे. जुळत असेल तर त्या कवितेची जास्त जुनी, पूर्ण छापलेली प्रत शोधण्यात अर्थ आहे. ओळींच्या शेवटी एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि त्याच्या आधीचे शब्द यमक साधतात असं लक्षात आलं तर ती गझल आहे, आणि मग सुरेश भटांच्या संग्रहांपासून सुरुवात करावी.

संगणकावर शोधताना मराठीचं लेखन आडवं येतं, आणि हे कारण समजलं नाही तर असलेली ओळही नाही असं वाटतं. महाराष्ट्रात 1962 साली शुद्धलेखनाचे नवे नियम लागू झाले. त्याआधीच्या पुस्तकांत न उच्चारलेले अनुस्वार लिहिलेले असतात. 'मनीं', 'वनीं', 'केलें' असं. 1934च्या पुस्तकावरून कोणी शब्द जसेच्या तसे टाइप केले असतील तर 'मनी' शोधून ते सापडतीलच असं नाही. दुसरी अडचण डोळ्यांना दिसतही नाही. 'वाऱ्यावर' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. पडद्यावर 'वाऱ्यावर' आणि 'वार्‍यावर' एकच दिसतात, पण आतली अक्षरं वेगळी असतात, आणि काही ठिकाणी एकाने शोधलं तर दुसरा सापडत नाही. साधा उपाय असा की असा शब्द टाळून ओळीतला दुसरा शब्द घ्यावा. 'वारा', 'तारा' यांचं सामान्यरूप ओळीत असेल तर तो शब्द सोडा आणि शेजारचा धरा. जोडाक्षर नसलेला, अनुस्वार नसलेला, ऱ्हस्वदीर्घाचा प्रश्न नसलेला शब्द शोधायला सगळ्यात चांगला.

गाण्यांच्या शब्दांसाठी अलका विभास यांचं 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ मी आधी पाहते. तिथे प्रत्येक गाण्यापाशी गीत, संगीत आणि स्वर ही तिन्ही नावं वेगवेगळी दिलेली असतात, त्यामुळे आपल्या मनातलं नाव कोणत्या खान्यात बसतं हे लगेच कळतं. बाकी ठिकाणी सापडलेल्या कवीच्या नावावर मात्र लगेच विसंबू नये. कवीचं नाव हरवलेली चांगली ओळ लोक एखाद्या मोठ्या नावाला चिकटवतात. कुसुमाग्रज आणि पाडगांवकर यांच्या नावावर अशा परक्या ओळी फार जमा झाल्या आहेत. दहा ठिकाणी एकच नाव दिसलं म्हणजे दहा पुरावे मिळाले असं होत नाही, दहाही जणांनी एकमेकांचं उतरवलेलं असू शकतं. कवी ठरवायचा तर दोनच गोष्टी धरून चालाव्यात: कवीचा स्वतःचा संग्रह, किंवा त्या काळच्या तबकडीचं लेबल. जुन्या तबकड्यांच्या लेबलावर पुष्कळदा कवीचं नाव छापलेलं असतं. नंतरच्या कॅसेटवर, विशेषतः निवडक गाण्यांच्या संकलनावर, गायकाचं नाव ठळक असतं आणि कवी गायब असतो. मुंबईत तबकड्या जमवणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था आहे; अशा मंडळींकडे लेबल प्रत्यक्ष पाहायला मिळतं, आणि एखाद्या गाण्याची तबकडी निघालीच नव्हती हेही ती मंडळी सांगू शकतात.

कारण प्रत्येक भावगीताची तबकडी निघालेली नाही. गजानन वाटवे गणेशोत्सवात, चौकातल्या गर्दीसमोर कविता गात. त्या कार्यक्रमांतलं सगळंच काही मुद्रित झालं नाही. आकाशवाणीच्या 'भावसरगम'सारख्या कार्यक्रमांसाठी नवी गाणी बसवली जात; त्यातली काही पुढे तबकडीवर आली आणि गाजली, बाकीची प्रक्षेपणापुरतीच राहिली. एखादं गाणं रेडिओवर ऐकल्याचं पक्कं आठवतं, पण ते कुठल्याही यादीत नाही, तेव्हा ते या गटातलं असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी गाणं शोधणं थांबवून कविता शोधावी. आकाशवाणीवर गायल्या गेलेल्या पुष्कळ कविता कवींच्या संग्रहांत छापलेल्या आहेत. गाणं विरून गेलं तरी कविता मिळते.

या गटासाठी आणखी एक साधन आहे, आणि ते घराघरांत पडलेलं आहे: गाण्याची वही. रेडिओ ऐकता ऐकता मुली आणि बाया वहीत गाणी उतरवून घेत. पहिल्या ऐकण्यात धृपद, पुढच्या आठवड्यात लागलं तर एक कडवं, मधे रिकाम्या ओळी सोडलेल्या. अनेक वह्यांत गाण्याखाली कवी आणि संगीतकारही लिहिलेले असतात, कारण निवेदन ऐकतानाच ते टिपलेले असतात. मामीची, आत्याची अशी वही मिळाली तर ती आधी पाहावी. मात्र त्यातले शब्द कानाने घेतलेले आहेत हे ध्यानात ठेवावं. वहीत 'मिठी' असेल तिथे पुस्तकात 'दिठी' आहे का हे पाहावं. रिकाम्या सोडलेल्या ओळीही नीट पाहाव्यात: किती ओळी सोडल्या आहेत त्यावरून, गायलेल्या गाण्यात किती कडवी होती हे कळतं. काकूंनी कपाटातून त्यांची वही काढली तेव्हा 'चाफा'च्या पानावर सगळी कडवी सलग लिहिलेली होती, मधे एकही ओळ रिकामी नव्हती, आणि त्यात नदी नव्हती.